नवं रजा धोरण कंपनीच्या मासिक पत्रकात कसं लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड इथल्या कारखान्यांमध्ये एचआर सांभाळणाऱ्या आणि सोबत कंपनीचं मासिक पत्रकही काढणाऱ्या मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि रजेचे नियम पुन्हा लिहायची वेळ आली. नियम वकील लिहून देतात. ते पॅकिंगमधल्या, कॅन्टीनमधल्या, गेटवरच्या माणसाला कळतील असे लिहिणं मात्र आपल्याच गळ्यात पडतं. सगळ्या रजा एकदम घेतल्या तर गोंधळ होईल, म्हणून इथे फक्त पीएलबद्दल, म्हणजे वर्षभर काम करून कमावलेल्या पगारी रजेबद्दल बोलू. सर्वांत जास्त भांडणं तिच्यावरूनच होतात.

इंग्रजी शब्द काढून मराठी शब्द घातले की झालं ना?

नाही. तसं केलं तर बहुतेक वेळा मजकूर जास्तच अवघड होतो. ‘कॅरी फॉरवर्ड’ काढून ‘अग्रेनीत’, ‘लॅप्स’ काढून ‘व्यपगत’ आणि ‘एनकॅशमेंट’ काढून ‘रोखीकरण’ लिहिलं की मंत्रालयाचा जीआर तयार होतो. लाईनवरचा माणूस ‘पीएल’ रोज बोलतो. त्याच्या पगाराच्या स्लिपवर पीएलचा रकाना आहे, हजेरीच्या अ‍ॅपवरही तेच लिहिलेलं आहे. अशा वेळी पत्रकात ‘अर्जित रजा’ छापली, तर ही कुठली तरी नवी रजा आली असं त्याला वाटतं. मग ‘सर, पीएल बंद झाली का?’ असे फोन सुरू होतात.

म्हणून लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी टेबलावर ठेवा: पगाराची स्लिप, रजेचा अर्ज किंवा अ‍ॅपवरचा स्क्रीन आणि टाइम ऑफिसमधला माणूस तोंडाने जे शब्द वापरतो त्यांची यादी. तिन्हीकडे जो शब्द आहे तोच पत्रकात ठेवायचा, मग तो इंग्रजी असला तरी चालेल. पीएल, सीएल, शिफ्ट, ओव्हरटाइम, स्लिप, पंचिंग हे सगळे शब्द राहू द्या. ‘खाडा’ हा शब्दही राहू द्या. ‘विनावेतन अनुपस्थिती’पेक्षा ‘खाडा धरला जाईल, त्या दिवसाचा पगार कटेल’ हे कुणालाही एका वाचनात कळतं. साहेबांना तो शब्द गावंढळ वाटेल. वाटू द्या.

स्लिपवर एक शब्द आणि अ‍ॅपवर दुसरा असेल, म्हणजे एकीकडे ‘पीएल’ आणि दुसरीकडे ‘ईएल’, तर पत्रकात एकदा स्पष्ट सांगा की दोन्ही एकच. त्यानंतर शेवटपर्यंत एकच शब्द वापरा. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा आला की गुण कापले जायचे, ती सवय इथे नडते. एकाच रजेला दोन नावं दिली की वाचणारा दोन रजा समजतो.

एखादं कलम बदलून दाखवाल का?

हे घ्या. कलम उदाहरणासाठी तयार केलं आहे, पण असा साचा तुमच्या फाइलमध्ये नक्की सापडेल:

“पात्र कर्मचाऱ्यास कॅलेंडर वर्षातील किमान १८० दिवसांच्या प्रत्यक्ष अथवा मानीव उपस्थितीच्या अधीन राहून प्रत्येक २० दिवसांमागे १ दिवस याप्रमाणे अर्जित रजा अनुज्ञेय राहील. कमाल ३० दिवसांची शिल्लक पुढील वर्षी अग्रेनीत करता येईल व त्यावरील रजेचे रोखीकरण करण्यात येईल. रजेसाठी सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक राहील.”

यातले अवघड शब्द हा वरवरचा त्रास आहे. खरी अडचण अशी की या तीन वाक्यांत माणूसच दिसत नाही. कोण मोजणार, कधी मोजणार, पैसे कधी येणार, अर्ज कुणाकडे द्यायचा, काहीच कळत नाही. म्हणून शब्द बदलण्याआधी कलमाला चार प्रश्न विचारा: कुणाला मिळणार? किती मिळणार? नाही घेतली तर काय होणार? मागायची कशी? मग त्याच क्रमाने लिहा:

“१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षात तुमचे किमान १८० दिवस भरले, तर तुम्हाला पीएल मिळते. कामावर आल्याच्या दर २० दिवसांमागे १ पीएल. १८० दिवसांत कोणते दिवस धरतात ते खाली दिलं आहे. ३१ डिसेंबरला तुमच्या नावावर जेवढ्या पीएल उरतील, त्यातल्या जास्तीत जास्त ३० पुढच्या वर्षात जातात. ३० च्या वर ज्या असतील त्यांचे पैसे जानेवारीच्या पगारात येतील. पीएल हवी असेल तर आधी अ‍ॅपवर अर्ज करा. शिफ्टचे सुपरवायझर मंजुरी देतील. ते नसतील तर टाइम ऑफिसला भेटा.”

हा मजकूर मूळ कलमापेक्षा लांब झाला आहे. ‘सोपं म्हणजे छोटं’ असं संपादक मंडळातलं कुणी तरी म्हणणारच. त्यांना सांगा की मूळ कलम छोटं होतं, कारण अर्धी माहिती त्यात नव्हतीच. ‘जानेवारीच्या पगारात’ हे दोन शब्द लिहिण्यासाठी अकाउंट्सला फोन करावा लागतो. पैसे नेमके कधी द्यायचे हे तिकडेही ठरलेलं नाही, असं त्या फोनवर कळलं तर ते छापण्याआधी कळलेलं बरं.

‘मानीव उपस्थिती’ काढून ‘१८० दिवस कामावर आलात तर’ असं लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. या सगळ्या कामातली सर्वांत महाग चूक इथेच होते, म्हणून जरा थांबून बघू.

जुन्या फॅक्टरी कायद्यात २४० दिवसांची अट होती. नव्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ती १८० वर आणली. या १८० मध्ये फक्त कामावर आलेले दिवस धरत नाहीत. ले-ऑफचे दिवस, बाळंतपणाची रजा आणि त्या वर्षात घेतलेली पीएल हे दिवसही अट पूर्ण झाली की नाही ते बघताना धरतात. ‘मानीव’ म्हणजे हेच दिवस. पण त्या दिवसांवर नवी पीएल साठत नाही. म्हणजे एकाच वर्षाची मोजणी दोनदा करायची आहे. ‘मिळणार की नाही’ यासाठी एकदा आणि ‘किती मिळणार’ यासाठी पुन्हा एकदा.

असेंब्लीतल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. वर्षात त्या ११० दिवस कामावर आल्या आणि २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, बाळंतपणाच्या रजेवर होत्या. ‘१८० दिवस कामावर आलात तर पीएल’ हे वाक्य त्यांनी वाचलं, तर आपले ११०च भरले, आपल्याला काही मिळणार नाही, असं समजून त्या विषय सोडून देतील. खरं तर रजेचे दिवस धरले की त्या १८० च्या बऱ्याच पुढे जातात. म्हणजे पीएल मिळणार. किती मिळणार, हे मात्र फक्त कामावर आलेल्या ११० दिवसांवर ठरेल. ११० भागिले २० म्हणजे साडेपाच. अर्धा किंवा त्याहून जास्त भाग उरला तर पूर्ण दिवस धरायचा, असा कंपनीचा नियम असेल तर ६ पीएल. ‘मानीव’ हा शब्द डोक्यावरून जातो हे खरं, पण तो नुसता पुसला तर ताईंच्या ६ पगारी रजाही पुसल्या जातात.

पत्रकात ते असं लिहिता येतं: “१८० दिवस मोजताना हे दिवस धरले जातात: तुम्ही कामावर आलात ते दिवस, तुम्ही घेतलेली पीएल, बाळंतपणाची रजा आणि कंपनीने काम नाही म्हणून बसवून ठेवलं ते दिवस. पीएल किती साठली ते मात्र फक्त कामावर आलेल्या दिवसांवरून ठरतं.” खाली ताईंचं उदाहरण आकड्यांसह द्या. नियम वाचून जे कळत नाही ते उदाहरणातून कळतं, आणि लोक आधी उदाहरणच वाचतात.

सोपं करताना ‘किमान’, ‘कमाल’, ‘किंवा’, ‘आणि’, ‘पर्यंत’ या शब्दांवरही असंच लक्ष ठेवा. ते किरकोळ दिसतात, पण हक्क त्यांच्यावरच उभा असतो. ‘कमाल ३०’ चं ‘३० पीएल पुढे जातात’ असं झालं, की ज्याच्या नावावर १२ च आहेत तोही ३० मागायला येतो.

शिल्लक आणि पैशांचा हिशेब किती खोलात सांगावा?

स्लिप हातात घेऊन माणसाला स्वतःचा आकडा काढता येईल इतका. पत्रकात एक पूर्ण हिशेब छापा. उदाहरणार्थ: वर्षाच्या सुरुवातीला नावावर २४ पीएल होत्या. वर्षात ४ घेतल्या, राहिल्या २०. या वर्षी कामावर आलेले दिवस २६४. २० ने भागले तर १३ आणि थोडं वर, ते थोडं अर्ध्यापेक्षा कमी आहे म्हणून सोडून द्यायचं, म्हणजे नव्या १३. एकूण ३३. त्यातल्या ३० पुढे जातील आणि ३ चे पैसे मिळतील.

आता ‘३ दिवसांचे पैसे’ म्हणजे किती, हे न लिहिता सोडू नका. लोकांचा संशय नेमका इथे सुरू होतो. समजा बेसिक आणि डीए मिळून महिन्याला १५,६०० रुपये आहेत. २६ ने भागलं तर दिवसाचे ६०० रुपये, म्हणजे ३ दिवसांचे १,८०० रुपये. ३० ने भागलं तर दिवसाचे ५२० आणि ३ दिवसांचे १,५६०. फरक २४० रुपयांचा आहे, आणि या २४० रुपयांपायी युनियनचे दोन-चार जण टाइम ऑफिससमोर उभे राहतील. तुमची कंपनी कशाने भागते आणि पगाराचा कोणता भाग धरते ते अकाउंट्सकडून लेखी घ्या आणि पत्रकात जसंच्या तसं लिहा. ‘प्रचलित दराने’ लिहून सुटका करून घेऊ नका.

आणखी एक. वर्ष संपताना कामगाराने मागणी केली तर ३० च्या आतल्या रजेचेही पैसे मागता येतील अशी तरतूद नव्या संहितेत आहे. धोरणात त्यासाठी अर्जाची तारीख ठरवली असेल, तर ती ठळक अक्षरांत छापा.

सीएल हा वेगळा प्रकार आहे. ती कंपनीच्या नियमाने मिळते आणि बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस संपते. म्हणून या पानावर नुसतं ‘रजा’ कुठेही लिहू नका, दर वेळी ‘पीएल’च लिहा. नाही तर डिसेंबरमध्ये ‘पीएल बुडणार’ ही आवई उठते आणि शेवटच्या आठवड्यात अर्धी लाईन सुट्टीवर जाते.

दोन रजांच्या मध्ये आलेल्या सुट्टीचा ‘सँडविच’ नियम कसा समजावायचा?

वार घालून. “शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी आहे. तुम्ही गुरुवार आणि शनिवारी पीएल घेतली, तर २ पीएल कापल्या जातील, ३ नाहीत.” संहितेनुसार पीएलच्या मध्ये किंवा आगेमागे आलेली सुट्टी रजेत धरत नाहीत. सीएलसाठी तुमच्या कंपनीचा नियम वेगळा असेल तर लगेच पुढच्या ओळीत तो सांगा. ‘सँडविच’ हा शब्द छापायची गरजच नाही.

‘सक्षम प्राधिकारी’, ‘पूर्वमंजुरी’, ‘नामंजूर’ हे शब्द तर सगळ्यांना कळतात. ते कशाला बदलायचे?

कळतात, पण माणसाने करायचं काय ते त्यातून कळत नाही. आपल्याकडे बरेचसे कामगार गंगापूर, पैठण, बदनापूर, अंबडकडच्या गावांतून येतात आणि घरी थोडीफार शेती असते. ऑक्टोबर उजाडला की सोयाबीनची काढणी, पुढे कापसाची वेचणी. नेमक्या त्याच वेळी दिवाळीच्या ऑर्डरमुळे प्लँटला माणसं हवी असतात. मग बोलणं असं होतं: ‘सर, चार दिवस सुट्टी पाहिजे होती, सोयाबीन काढायचंय.’ ‘आत्ता नाही रे बाबा, पुढच्या महिन्यात बघू.’ झालं. ना अर्ज, ना नकार, कागदावर कशाचीच नोंद नाही.

आता नियम बघा. कामगाराने पीएल मागितली आणि कंपनीने दिली नाही, तर ती नाकारलेली रजा ३० च्या मर्यादेत धरत नाहीत, पूर्ण पुढे जाते. म्हणजे ज्याच्या नावावर ३० आहेत आणि ज्याचे ४ दिवस नाकारले गेले, त्याचे ते ४ वेगळे राहतात. पण हे सिद्ध करायला मागितल्याची नोंद लागते. तोंडी बोलण्यात तो हक्क विरून जातो. तेव्हा पत्रकात ‘पूर्वमंजुरी आवश्यक’ याऐवजी असं लिहा: “सुपरवायझरशी तोंडी बोललात तरी अ‍ॅपवर अर्ज टाकाच. अ‍ॅप चालवता येत नसेल तर टाइम ऑफिसमध्ये कागदावर अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्ज नाकारला गेला तर ती पीएल बुडत नाही, ३० पेक्षा जास्त झाली तरी पुढे जाते.”

हे वाक्य छापायला काही प्रॉडक्शन मॅनेजर कुरकुरतील, ‘तुम्ही लोकांना शहाणं करताय’ म्हणतील. नियम धोरणात आहे आणि धोरणावर कंपनीची सही आहे, एवढंच त्यांना दाखवा.

ठेकेदाराकडची माणसंही तेच पत्रक वाचतात. त्यांच्यासाठी काय लिहायचं?

‘पात्र कर्मचारी’ या शब्दाआड हा प्रश्न लपवला जातो. पहिल्याच ओळीत सांगा की हे पान कुणासाठी आहे: “कंपनीच्या रोलवरचे सर्व कामगार.” पुढे लिहा: “तुम्ही ठेकेदारामार्फत कामावर असाल तर तुमच्या पीएलचा हिशेब ठेकेदाराकडे असतो. तो मिळत नसेल तर टाइम ऑफिसमध्ये येऊन सांगा.” सुपरवायझर आणि ऑफिस स्टाफ यांचे नियम वेगळे असतील तर त्यांना वेगळं पान द्या. दोघांसाठी एकच मजकूर लिहिला तर दोघांनाही तो अर्धाच लागू पडतो.

लीगलवाले म्हणतात, शब्द बदलला की अर्थ बदलतो. त्यांचं काय करायचं?

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ‘मानीव’चं उदाहरण वर आलंच. त्यांना नुसता सोपा मजकूर पाठवून ‘ओके आहे का?’ विचारू नका, ते नाहीच म्हणतील. डावीकडे मूळ कलम आणि उजवीकडे तुमचा मजकूर असा तक्ता करा. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न ठेवा: यामुळे कुणाला जास्त किंवा कमी मिळतंय का? मग चर्चा भाषेवर न जाता हक्कांवर राहते. पानाच्या तळाशी हेही छापा: “ही सोप्या भाषेतली माहिती आहे. पूर्ण धोरण टाइम ऑफिसमध्ये आणि नोटीस बोर्डवर आहे.”

पत्रक म्हणजे नोटीस नव्हे, हेही लक्षात असू द्या. पगारी रजेच्या अटी बदलून कामगारांचं नुकसान होणार असेल, तर त्यासाठी २१ दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. ते काम पत्रकातल्या गोड शब्दांनी होत नाही.

लोकांना कळलं की नाही हे कसं तपासायचं?

‘समजलं का?’ असं विचारू नका. ‘व्हय सर, समजलं’ हे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. छापण्याआधी कॅन्टीन, गेट, पॅकिंग, मेंटेनन्स अशा वेगवेगळ्या ठिकाणचे पाच-सहा जण निवडा, एचआरच्या ओळखीतले नकोत. पान वाचायला द्या, मग त्यांनाच हिशेब करायला लावा. ‘नावावर ३३ आहेत, ३१ डिसेंबरला काय होईल?’ ‘गुरुवार-शनिवार सुट्टी घेतली, किती कापतील?’ ‘सुपरवायझर नाही म्हणाला, आता काय करशील?’ पान हातात असू द्या, पाठांतर तपासायचं नाही.

दोघांचं उत्तर एकाच जागी चुकलं तर दोष त्या ओळीचा आहे. उत्तर बरोबर आलं, पण माणूस दोनदा मागे जाऊन शोधत बसला, तर माहिती चुकीच्या जागी आहे. आणि कुणी ‘थांबा, भाऊला विचारतो’ म्हणत शेजाऱ्याकडे वळला, तर तिथे उदाहरण कमी पडतंय. चाचणी जेवणाच्या सुट्टीत घेऊ नका. त्या अर्ध्या तासात कुणालाही पीएलपेक्षा डबा महत्त्वाचा वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

हिंदी किंवा उर्दू बोलणारे कामगारही आहेत. वेगळं पान काढावं का?

काढावं. पण मराठी मजकूर पक्का झाल्यावर त्यावरून काढा, मूळ इंग्रजी धोरणावरून नको. नाही तर सगळे जड शब्द दुसऱ्या दाराने परत येतात. पीएल, स्लिप, टाइम ऑफिस हे शब्द आणि उदाहरणांतले आकडे सगळ्या भाषांत तेच ठेवा. म्हणजे दोन भाषांचे दोघे जण चहाच्या टपरीवर एकाच हिशेबावर बोलू शकतात.

पत्रकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, अर्धाच. यावर काही उपाय?

फोटो फिरणारच, तो धरूनच पान मांडा. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचलं तरी पूर्ण वाटलं पाहिजे. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ टाळा. प्रत्येक पानावर महिना, वर्ष आणि ‘फक्त पीएलसाठी’ हे छापा. अक्षर मोबाइलवर झूम न करता वाचता येईल एवढं मोठं ठेवा.

छापून झाल्यावर चूक सापडली तर?

नोटीस बोर्डवरचं जुनं पान त्याच दिवशी काढा. दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. चुकीचं वाक्य आणि बरोबर वाक्य दोन्ही छापा, म्हणजे जुना फोटो मोबाइलमध्ये ठेवलेल्याला कळेल काय बदललं. ‘शुद्धिपत्रक’ असा मथळा देऊ नका, ते कुणी वाचत नाही. ‘पीएलच्या पैशांबद्दल मागच्या अंकात चूक झाली होती’ असा मथळा सगळे वाचतात. चुकीच्या मजकुरावर विसंबून कुणी आधीच रजा घेतली असेल किंवा पैशांचा अर्ज केला असेल, तर त्याचं काय करायचं हे दुरुस्ती छापण्याआधी व्यवस्थापनाकडून ठरवून घ्या आणि त्याच मजकुरात लिहा. अंक बाहेर पडल्यावर टाइम ऑफिसला पहिला प्रश्न तोच विचारला जाणार आहे.